भावाच्या लग्नासाठी रजेचा अर्ज

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या प्रश्नपत्रिकेत पत्रलेखनाला ६ गुण असतात. मुख्याध्यापकांना लिहिलेला रजेचा अर्ज औपचारिक पत्रांपैकी विनंतीपत्रात मोडतो. घरातल्या लग्नासाठी रजा मागणे सोपे वाटते, पण नेमका हाच अर्ज भरकटतो. लिहिणाऱ्याला लग्नाबद्दल पुष्कळ सांगायचे असते, तर अर्ज वाचणाऱ्या मुख्याध्यापकांना थोडक्याच गोष्टी हव्या असतात. लग्न कोणाचे आहे, कुठे आहे, मूल कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येणार नाही आणि बुडालेला अभ्यास केव्हा भरून काढणार, एवढे समजले की त्यांना निर्णय घेता येतो.

एक उदाहरण घेऊ. विद्यार्थी पुण्यातल्या शाळेत शिकतो. त्याच्या थोरल्या भावाचे लग्न कराडला आहे. ११ डिसेंबर २०२५ ला हळद, १२ तारखेला विवाह आणि १३ तारखेला सत्यनारायणाची पूजा आहे. १४ तारखेला रविवार आहे. मधल्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, शाळेत विज्ञानाचा प्रयोग ठरलेला आहे. एवढ्या माहितीवर अर्ज असा होईल :

दिनांक : ५ डिसेंबर २०२५

प्रति,
माननीय मुख्याध्यापक,
क. ख. ग. विद्यालय,
पुणे.

विषय : थोरल्या भावाच्या विवाहासाठी तीन दिवसांची रजा मिळण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या शाळेत इयत्ता दहावी ‘ब’ मध्ये शिकत आहे. माझा हजेरी क्रमांक १७ आहे. माझ्या थोरल्या भावाचा विवाह शुक्रवार, दिनांक १२ डिसेंबर रोजी कराड येथे होणार आहे. आदल्या दिवशी हळदीचा कार्यक्रम आणि दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाची पूजा असल्याने मला कुटुंबासोबत तेथे राहणे आवश्यक आहे. त्यामुळे दिनांक ११ ते १३ डिसेंबर २०२५ हे तीन दिवस मी शाळेत येऊ शकणार नाही.

या काळात १२ तारखेला विज्ञानाचा प्रयोग आहे. तो समजून घेऊन त्याची नोंद मी १७ डिसेंबरपर्यंत प्रयोगवहीत पूर्ण करीन आणि इतर विषयांच्या वह्याही मित्राकडून घेऊन भरून काढीन. सोमवार, दिनांक १५ डिसेंबरपासून मी नियमित उपस्थित राहीन.

तरी कृपया मला तीन दिवसांची रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी,
अ. ब. क.
इयत्ता दहावी ‘ब’, हजेरी क्रमांक १७
पुणे.
ई-मेल : abc@xyz.com

सोबत : लग्नपत्रिकेची प्रत

या अर्जात सर्वांत जास्त लक्ष तारखांकडे द्यावे लागते, कारण चुका तिथेच होतात. ११ ते १३ म्हणजे तीन दिवस. मुले तेरातून अकरा वजा करतात आणि ‘दोन दिवसांची रजा’ लिहून बसतात. मग विषयात एक आकडा आणि मजकुरात दुसरा, असे होते. पहिला आणि शेवटचा दोन्ही दिवस मोजायचे असतात, हे ध्यानात ठेवले की गोंधळ उरत नाही. मध्ये रविवार येत असेल तर तो वगळून सांगावे. हीच रजा १५ तारखेपर्यंत हवी असती, तर ‘दिनांक ११ ते १५ डिसेंबर, रविवार वगळून चार दिवस’ असे लिहावे लागले असते. अर्जावरची तारीखही रजेच्या आधीची हवी. रजा सुरू होण्याच्या दिवशीचीच तारीख टाकलेला अर्ज परवानगी मागत नाही, तो फक्त गैरहजेरी कळवतो. कार्य ठरलेले असताना पाच-सहा दिवस आधी अर्ज करणे रास्त ठरते.

नात्याचा उल्लेख नेमका करावा. ‘आमच्या घरी लग्न आहे’ एवढ्यावर तीन दिवस मिळणे कठीण. सख्खा भाऊ म्हटले की मुलाला हळदीपासून घरात राहावे लागणार, हे कोणालाही कळते. मावसभावाचे किंवा लांबच्या नातलगाचे लग्न असेल तर रजाही त्या मानाने कमी मागावी. वर उदाहरणात हळद आणि पूजा यांचा उल्लेख केला आहे, तो तीन दिवस कशासाठी हवेत हे सांगण्यापुरता. मांडव, जेवणावळ, पाहुण्यांची गर्दी यांचे वर्णन कौटुंबिक पत्रात शोभते. इथे ते दिवसांच्या संख्येला आधार देत नाही, म्हणून गाळावे.

अभ्यासाबद्दलचे वाक्य बहुतेक अर्जांत ‘मी बुडालेला अभ्यास पूर्ण करीन’ एवढेच असते. ते चुकीचे नाही, पण पोकळ आहे. त्या दिवसांत काय बुडणार आहे ते शोधून एक गोष्ट नावानिशी लिहिली, की अर्ज खरा वाटतो. या उदाहरणात तो शुक्रवारचा प्रयोग आहे. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ती घटक चाचणी असेल किंवा तोंडी परीक्षा. मात्र रजेच्या दिवशीच चाचणी असेल, तर ती पुन्हा कधी देता येईल हे त्याच अर्जात विचारावे. गप्प राहून नंतर सवलत मागणे बरे दिसत नाही.

मायन्यात ‘महोदय’ पुरे. मुख्याध्यापिका असतील तर वर ‘माननीय मुख्याध्यापिका’ आणि खाली ‘महोदया’, अशी दोन्हीकडे जुळणी राहिली पाहिजे. एकीकडे बदल करून दुसरीकडे विसरणे फार सर्रास घडते. ‘साष्टांग नमस्कार’ आणि ‘पत्र लिहिण्यास कारण की’ हे घरच्या पत्रांतले शब्द इथे नकोत. शेवटी ‘आपला विश्वासू’ लिहिले तरी चालते, पण विद्यार्थी आपल्याच शाळेच्या मुख्याध्यापकांना लिहीत असताना ‘आज्ञाधारक’ अधिक नैसर्गिक वाटते. मुलगी लिहीत असेल तर ‘आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी’ असा बदल होतो.

आता मांडणी. सध्याच्या पद्धतीत पत्र ई-मेलच्या धर्तीवर लिहायचे असल्याने दिनांकापासून सहीपर्यंत सारा मजकूर डाव्या समासाला लागून येतो. पूर्वी पत्ता आणि दिनांक उजव्या कोपऱ्यात लिहीत असत. जुनी मार्गदर्शके वापरणाऱ्यांचे पत्र अजूनही तसे येते. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि ई-मेल आता नावाखाली येतो. उत्तरपत्रिकेत स्वतःचे नाव किंवा शाळेचे नाव कधीही घालू नये. प्रश्नात नावे दिलेली असतील तर ती वापरावीत, नसतील तर अ. ब. क. लिहावे.

प्रश्नात दिलेला तपशील प्रथम वापरायचा असतो. लग्नाची तारीख किंवा गाव दिले असेल तर ते बदलू नये. जे दिलेले नाही, तेवढेच स्वतः भरावे. प्रत्यक्ष शाळेत देण्याच्या अर्जाला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे पालकांची स्वाक्षरी. नमुन्याच्या शेवटी ‘पालकांची स्वाक्षरी’ एवढी ओळ घालायला हरकत नाही. तो अर्ज बहुधा वर्गशिक्षकांच्या हाती दिला जातो आणि त्यांच्यामार्फत मुख्याध्यापकांपर्यंत पोहोचतो.