संत्रं की मोसंबी?

यंत्राला फळ दिसत नाही, दिसतात ते आकडे: साल किती केशरी, किती सैल. प्रत्येक आकड्याला किती महत्त्व द्यायचं याचा एक भार असतो. सुरुवातीला तो अंदाजपंचेच. समजा, त्यानं केशरी संत्र्याला मोसंबी म्हटलं. बरोबर उत्तराशी ताडून केशरीपणाचा भार संत्र्याच्या बाजूनं किंचित वाढवायचा. हजारो फळांवर असं केलं की चुका घटतात. शिकणं म्हणतात ते एवढंच.

पण सगळी उदाहरणं पिकल्या संत्र्यांचीच असतील, तर हंगामाच्या सुरुवातीचं हिरवट नागपुरी संत्रं ते बिनदिक्कत मोसंबीत टाकेल. चाचणीसाठी शिकवताना न दाखवलेली फळं वापरतात, मात्र तीही त्याच ढिगातली असली तर ही चूक सापडत नाही. हिरवट संत्री मुद्दाम मिसळावी लागतात.