मेथी वाळते, वास टिकवावा लागतो

डिसेंबर-जानेवारीत मंडईत मेथीच्या जुड्या स्वस्त होतात. कसुरी मेथी घरी करायची तर हाच हंगाम. भाजी कोवळी मिळते आणि हवाही कोरडी असते. पावसाळ्यात हा उद्योग करू नये. पानं वाळण्याआधीच कुबट होतात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. बाजारातल्या पाकिटात असते ती बहुतेक वेळा आपली रोजची मेथी नसते. ती तिच्याच कुळातली, बारीक पानांची वेगळी जात आहे. लाहोरजवळच्या कसूरवरून तिला नाव मिळालं आणि आज आपल्याकडे राजस्थानातलं नागौर तिच्यासाठी ओळखलं जातं. तिचा वास मुळातच उग्र असतो. घरच्या जुडीतून तितका दरवळ येणार नाही. पण जपून वाळवली तर वर्षभर दुकानात पडून राहिलेल्या पाकिटापेक्षा ती नक्कीच सरस ठरते.

जुडी घेताना मोठ्या, गडद पानांची घ्यावी, फुलं आलेली नको. मुंबईत वाळूत वाढवलेली इवलीशी समुद्रमेथी मिळते, ती भाजीला उत्तम, वाळवायला मात्र उपयोगाची नाही. पानं धुवायची ती खुडण्याआधी, अख्खी जुडी दोन-तीन पाण्यांतून काढून. खुडलेलं किंवा चिरलेलं पान धुतलं की जखमेतून रस जातो आणि त्यासोबत वासही. मग जुडी उलटी टांगून निथळू द्यावी, सुती पंच्यात हलकेच टिपावी आणि पानं खुडावीत. देठ अजिबात ठेवू नयेत. पान चुरचुरीत झालं तरी देठाच्या पोटात ओल राहते आणि बरणीत बुरशी धरते ती तिथूनच.

आता वाळवण. कडक उन्हात पानं दिवसभरात वाळतात, पण रंग उडून पिवळट पडतात आणि वास देणारी उडून जाणारी द्रव्यं उष्णतेने निघून जातात. त्यांची उरते ती गवताची चव. सावलीत वाळवायचं ते म्हणूनच. पण सावलीतही फार रेंगाळलं तर पानं काळवंडतात. तेव्हा ऊन नको, पण वारा भरपूर हवा. सुती कापडावर पान पानाला चिकटणार नाही इतकं विरळ पसरावं, वर पंखा मंद चालू ठेवावा आणि दिवसातून दोनदा हलक्या हाताने परतावं. पुण्या-नाशिककडच्या थंडीत साधारण तीन-चार दिवसांत काम होतं. कोकणपट्टीत दमट हवेमुळे वेळ लागतो. तिथे शेवटचा ओलावा काढायला ओव्हन पन्नास अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून वापरता येतो. मायक्रोवेव्हमध्ये मात्र पानं चटकन करपू शकतात.

पण वाळली हे ओळखायचं कसं? बोटांत चुरल्यावर पान कुरकुरतं, एवढ्यावर विसंबू नये. स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर तो जास्त खरं बोलतो. ताज्या मेथीत शंभरातले पंच्याऐंशीच्या आसपास भाग पाणी असतं. समजा, दोन जुड्या निवडून अडीचशे ग्रॅम कोरडी टिपलेली पानं मिळाली. त्यात पाणी सोडून ऐवज पस्तीस-चाळीस ग्रॅमच. चौथ्या दिवशी वजन साठ ग्रॅम भरलं तर वीस-पंचवीस ग्रॅम पाणी अजून आत आहे, मग पान हाताला कितीही वाळलेलं वाटो. चाळीस-बेचाळीसवर आलं की थांबावं.

काटा नसेल तर मूठभर पानं काचेच्या बरणीत घट्ट बंद करून रात्रभर ठेवावीत. सकाळी काचेवर बाष्प दिसलं किंवा पानं मऊ पडली तर ती पुन्हा कापडावर पसरायची.

भरताना बायका बरेचदा जागा वाचावी म्हणून मेथी चुरून ठेवतात. तसं करू नये. अख्ख्या पानात वास कोंडून राहतो, चुरा झाला की तो निघून जातो. एका मोठ्या डब्याऐवजी लहान, घट्ट झाकणाच्या बरण्या कराव्यात. एक वापरात, बाकीच्या बंद. बरणी शेगडीजवळच्या फडताळात नको आणि उजेडातही नको. पावसाळ्यात बरणी उघडी राहिली की पानं सादळतात. ती मंद तव्यावर मिनिटभर फिरवली की पुन्हा कुरकुरीत होतात, पण गेलेला वास परत येत नाही.

वापरताना चिमूटभर तळहातांत चोळून भाजीवर अगदी शेवटी, गॅस बंद करता करता घालावी. फार उकळली तर तोंडाला कडूपणाच तेवढा लागतो. वर्ष उलटल्यावर वास मंदावला तर भाजीसाठी ती कमी पडेल, पण पराठ्याच्या कणकेत किंवा थालीपिठाच्या भाजणीत सढळ हाताने घालून संपवता येते.