18 अँपिअर म्हणजे किती किलोवॅट?

मोटरच्या नेमप्लेटवर लिहिलंय: 15 किलोवॅट, 415 व्होल्ट, 27 अँपिअर, पॉवर फॅक्टर 0.86. ही मोटर एका फाउंड्रीत धूळ ओढणारा ब्लोअर पट्ट्यावर चालवते असं धरू. ती तासाला वीज किती खाते, असं विचारलं की बहुतेकजण पाटीवरचे 15 किलोवॅट सांगतात. पण ते 15 म्हणजे पूर्ण लोडवर शाफ्टला मिळणारी ताकद. वायरीतून आत येणारी वीज त्याहून जास्त असते, कारण थोडी उष्णतेत जाते.

आत येणाऱ्या विजेचं सूत्र असं:

P = √3 × V × I × cos φ

पाटीवरचे आकडे घातले तर 1.732 × 415 × 27 × 0.86 म्हणजे सुमारे 16,690 वॅट. शाफ्टवर 15,000 मिळतात, म्हणजे मोटरची कार्यक्षमता 90 टक्क्यांच्या आसपास.

इथे √3 कुठून आला? 415 व्होल्ट हे दोन फेजमधलं व्होल्टेज. एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात मोजलं तर 415 भागिले 1.732, म्हणजे 240 च्या जवळ भरतं. तीन फेज प्रत्येकी 240 व्होल्टवर काम करतात, म्हणून 3 × 240 × करंट. तेच 415 च्या भाषेत लिहिलं की 3 च्या जागी √3 उरतो. 415 ला थेट 3 ने गुणणारा माणूस उत्तर 73 टक्के फुगवतो.

आता चालू ब्लोअरवर टाँग टेस्टर लावू. आर, वाय, बी या तीन वायरींवर 17.4, 18.1 आणि 18.5 अँपिअर येतात, सरासरी 18. व्होल्टेज 412, 415, 418, सरासरी 415. फेज इतके जवळजवळ असले की सरासरी बेलाशक चालते. एका फेजचा करंट बराच वेगळा असेल तर हे सूत्र बाजूला ठेवावं आणि तिन्ही फेजची पॉवर वेगवेगळी मोजून बेरीज करावी. ड्राइव्हवर चालणाऱ्या मोटरलाही साध्या टाँग टेस्टरचे आकडे लावू नयेत, कारण तिथे विजेची लहर शुद्ध राहत नाही.

1.732 × 415 × 18 म्हणजे 12,940 व्होल्ट-अँपिअर, 12.94 केव्हीए. इथवर चूक होत नाही. चूक होते ती पुढे, पाटीवरचा 0.86 उचलून गुणण्यात. तो पूर्ण लोडचा पॉवर फॅक्टर आहे. मोटर अर्धवट लोडवर असली की तो घसरतो. लोड कितीही कमी असो, चुंबकक्षेत्र उभं करायला लागणारा करंट जवळपास तेवढाच राहतो. पट्टा काढून ही मोटर रिकामी फिरवली तरी 10 अँपिअरच्या आसपास घेईल. करंट पूर्ण लोडच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त, पण पॉवर फॅक्टर 0.15 धरला तर खरी वीज जेमतेम 1.1 किलोवॅट. नुसत्या अँपिअरवरून बिलाचा अंदाज बांधणं म्हणूनच धोक्याचं.

आपल्या ब्लोअरवर पॉवर मीटरने पॉवर फॅक्टर 0.74 दाखवला. म्हणजे खरी वीज 12.94 × 0.74 = 9.57 किलोवॅट. 0.86 धरला असता तर 11.13 आली असती. रोज 16 तास मशीन चालत असेल तर कागदावर दिवसाला 25 युनिटं खोटी चढली असती.

पॉवर मीटर नसला तरी पडताळा घेता येतो. या मशीनपुरताच सबमीटर असेल आणि त्यावर 400 imp/kWh लिहिलेलं असेल, तर लाल दिवा 400 वेळा लुकलुकला की एक युनिट. मिनिटाला 64 वेळा लुकलुकला तर तासाला 3,840, म्हणजे 9.6 किलोवॅट. गणिताशी जुळलं. मीटर सीटीवर असेल तर सीटीचं प्रमाण मीटरमध्ये आधीच धरलंय की नाही तेवढं पाहावं. धरलं नसेल तर त्याने गुणावं.

महाराष्ट्रात हाय टेन्शन ग्राहकांचं बिल एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर येतं, त्यामुळे त्यांना 9.57 इतकाच 12.94 हा आकडाही महत्त्वाचा. या मोटरला 415 व्होल्टवर 5 केव्हीएआर देणारा कपॅसिटर जोडला, तर मोटरला लागणाऱ्या 8.7 केव्हीएआरपैकी 3.7 च लाइनमधून यावे लागतात. केव्हीए 10.27 वर उतरतं, पॉवर फॅक्टर 0.93 होतो आणि करंट 18 वरून 14.3 अँपिअर. किलोवॅट मात्र 9.57 च राहतात. हा 14.3 चा आकडा कपॅसिटरच्या आधीच्या, पॅनलकडच्या वायरीवरच दिसतो. टेस्टर कपॅसिटर आणि मोटर यांच्यामधल्या वायरीवर लावला तर तो पूर्वीसारखे 18 च दाखवेल, आणि तिथल्या 18 ला 0.93 ने गुणलं तर उत्तर 12 किलोवॅट येऊन पुन्हा चुकेल.