फ्रिज ‘टक्’ करून बंद पडतो तेव्हा

फ्रिजच्या मागून ‘टक्’ असा आवाज येतो. मग सात-आठ सेकंद जड घुमल्यासारखा ‘घूंऽऽ’ आवाज, पुन्हा ‘टक्’ आणि शांतता. दीड-दोन मिनिटांनी हेच पुन्हा. आतला दिवा लागतो, पण बर्फ वितळू लागलेला असतो. अशा वेळी बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येते, “कॉम्प्रेसर गेला.” कॉम्प्रेसर बदलायचा म्हणजे चार-पाच हजारांचा खर्च, आणि फ्रिज जुना असेल तर “आता नवीनच घ्या” असा सल्ला. पण हा आवाज कॉम्प्रेसर मेल्याचा असेलच असे नाही. पुष्कळदा तो त्याला वाचवणाऱ्या पहारेकऱ्याचा आवाज असतो. तो कसा ओळखायचा, हे घरातल्या बायामाणसांनाही समजेल इतके सोपे आहे.

कॉम्प्रेसरचे काळे बंद भांडे फ्रिजच्या मागे तळाशी असते. त्याच्या आत एक मोटार आणि गॅस दाबणारा पंप असतो. या मोटारीत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एक मोटार चालू ठेवणारे, त्याला ‘रनिंग’ म्हणतात. दुसरे फक्त सुरुवातीचा धक्का देणारे, ते ‘स्टार्टिंग’. एकट्या रनिंगवर वीज दिली तर मोटार घुमते, थरथरते, पण फिरत नाही. बैलगाडी चिखलात रुतली की बैल जोर लावतात, पण चाक हलायला मागून कुणीतरी खांदा द्यावा लागतो, तसेच हे आहे. चाक एकदा फिरले की खांदा काढून घ्यायचा. काढला नाही तर खांदा देणारा दमून जातो, म्हणजे इथे स्टार्टिंगचे बारीक वेटोळे जळते.

खांदा वेळेवर देणे आणि वेळेवर काढणे हे काम रिलेचे. कॉम्प्रेसरच्या बाजूला प्लास्टिकचे छोटे झाकण असते, त्याच्या आत तीन पिनांवर रिले बसवलेला असतो. आजकालच्या साध्या फ्रिजमध्ये रिलेच्या पोटात नाण्याएवढी एक सिरॅमिकची चकती असते. मेकॅनिक तिला ‘पीटीसी’ म्हणतात. चकती थंड असताना वीज तिच्यातून सहज जाते आणि स्टार्टिंगला धक्का मिळतो. वीज जाताच ती सेकंदाच्या आत तापते, आणि तापली की विजेची वाट जवळजवळ बंद करते. तोवर मोटार फिरू लागलेली असते. फ्रिज चालू असेपर्यंत चकती गरमच राहते. वीज गेल्यावर ती थंड व्हायला तीन ते पाच मिनिटे लागतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

दुसरा भाग ओव्हरलोड, दुकानात त्याला ‘ओएलपी’ म्हणून मागतात. तो काळ्या गोल बटणासारखा असून कॉम्प्रेसरच्या अंगाला चिकटून बसतो. त्यात दोन वेगळ्या धातूंची जोडलेली पातळ पत्री असते. तापली की दोन्ही धातू सारखे फुगत नाहीत, म्हणून पत्री ‘टक्’ करून उलटी वळते आणि वीज तोडते. थंड झाली की पुन्हा ‘टक्’ करून जागेवर येते. आपल्या इस्त्रीतही अशीच पत्री असते. पत्री दोन कारणांनी तापते: मोटारीने जास्त वीज ओढली तर, किंवा कॉम्प्रेसरचे अंगच जास्त गरम झाले तर. मध्यम फ्रिजची मोटार फिरताना साधारण एक अँपिअर किंवा त्याहूनही कमी वीज घेते. तीच मोटार अडकून नुसती घुमत असेल तर त्याच्या पाच-सहापट किंवा अधिक ओढते. तेव्हा ओव्हरलोड काही सेकंदांत वीज तोडतो. त्याने तोडली नाही तर वेटोळे जळून जाईल. म्हणजे टकटक हा आजार नाही, ती आजाराची खूण आहे.

मग मोटार फिरत का नाही? आमच्या येलदरीत या प्रश्नाचे पहिले उत्तर व्होल्टेज हे आहे. गावाजवळ पूर्णा नदीवर धरण आहे, त्याच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्र आहे. पण ती वीज थेट आपल्या घरात येत नाही, मोठ्या जाळ्यात जाते. आपल्याला मिळते ती तारेच्या टोकाला उरलेली, आणि त्याच तारेवर शेतीचे पंप चालू झाले की व्होल्टेज खाली बसते. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. 230 च्या जागी 170 व्होल्ट आले तर वीज चौथ्या हिश्शाने कमी झाली असे वाटते, पण मोटारीचा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. तेवढ्या जोरावर कॉम्प्रेसर पंप फिरवू शकत नाही.

दुसरे कारण म्हणजे वीज जाऊन लगेच येणे. फ्रिज चालू असताना वीज गेली की गॅस एका बाजूला दाबलेल्या अवस्थेत राहतो. दोन्हीकडचा दाब सारखा व्हायला काही मिनिटे लागतात. तेवढ्यात वीज परत आली तर मोटारीला दाबाविरुद्ध उठावे लागते, आणि रिलेची चकती अजून गरम असल्याने खांदाही मिळत नाही. ओव्हरलोड तोडतो. असे दोन-तीनदा होऊन फ्रिज आपोआप सुरू झाला तर बिघाड नाही. टकटक अर्धा तास चालूच राहिली, किंवा वीज न जाताही होऊ लागली, तर मात्र बिघाड शोधायला हवा.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका घरी हेच झाले. एका दाराचा, आठेक वर्षांचा फ्रिज. बकरी ईदचे गोश्त आत, आणि दादीच्या इन्सुलिनच्या कुप्याही. आधी आलेल्या कारागिराने झाकणही न काढता कॉम्प्रेसर गेल्याचे सांगितले होते. मग गावातल्या दुसऱ्या एका तरुण मेकॅनिकला बोलावले. त्याने जे केले ते क्रमाने सांगण्यासारखे आहे.

आधी त्याने प्लग काढून फ्रिज अर्धा तास शांत ठेवला. मग दुपारी मीटर लावून व्होल्टेज पाहिले. 218 भरले, म्हणजे त्या घडीला दोष विजेचा नव्हता. प्लग लावून घड्याळ धरले: आठ सेकंद घुमणे, ‘टक्’, दीड मिनिट शांतता, परत घुमणे. मोटार एकदाही फिरली नाही. वेळ मोजणे फार कामाचे असते. फ्रिज दहा-पंधरा मिनिटे नीट चालून मग ‘टक्’ झाला असता, तर संशय रिलेवर नसता. तेव्हा मागची जाळी धुळीने भरली आहे का, फ्रिज भिंतीला चिकटवला आहे का, हे आधी पाहायचे असते.

आता प्लग काढून त्याने झाकण उघडले आणि रिले पिनांवरून सरळ ओढून काढला. कानाजवळ धरून हलवला तर आत खुळखुळ्यासारखा आवाज. चकती फुटून तिचे तुकडे झाले होते आणि जळकट वास येत होता. पण तो एवढ्यावर थांबला नाही. रिले खराब म्हणजे कॉम्प्रेसर चांगलाच, असे नसते. त्याने मीटरने तिन्ही पिना तपासल्या. सामाईक आणि रनिंग पिनेत 14 ओहम, सामाईक आणि स्टार्टिंगमध्ये 19, रनिंग आणि स्टार्टिंगमध्ये 33. मोठा आकडा बाकी दोहोंच्या बेरजेइतका आला की दोन्ही वेटोळी शाबूत. आकडे प्रत्येक कॉम्प्रेसरचे वेगळे असतात, बेरीज मात्र जुळली पाहिजे. शेवटी रंग खरवडलेल्या जागी कॉम्प्रेसरच्या अंगाला आणि पिनांना मीटर लावले. काहीच दाखवले नाही, म्हणजे वीज अंगावर उतरलेली नव्हती.

जुन्याच क्रमांकाचा रिले आणि ओव्हरलोड जिंतूरहून आणले. दोन्ही मिळून तीनशेच्या आत. बसवून प्लग लावताच मोटार लगेच फिरली. चिमट्याच्या मीटरवर वीज क्षणभर उसळून 0.9 अँपिअरवर स्थिरावली. अर्धा तास ती तशीच राहिल्यावर मेकॅनिक उठला. कॉम्प्रेसर खरेच अडकलेला असता तर नवा रिले घालूनही तेच घुमणे आणि तीच ‘टक्’ झाली असती. ती बेरीज जुळली नसती, किंवा पिन आणि अंग यांत मीटरने वाट दाखवली असती, तरी कॉम्प्रेसरच गेला म्हणायला हवे होते.

चकती फुटली का, हेही त्याने शोधले. संध्याकाळी परत येऊन मोजले तेव्हा व्होल्टेज 168 होते. रोज अशा विजेवर चकती पुन्हा पुन्हा तापत आणि थंड होत गेली. म्हणून फ्रिजला असा स्टॅबिलायझर लावला, जो 140 व्होल्टपासून काम करतो आणि वीज आल्यावर तीन मिनिटे थांबून मगच ती पुढे सोडतो. तो नसेल तर वीज गेली की फ्रिजचे बटण बंद करावे आणि आल्यानंतर पाच मिनिटांनी लावावे.

काही गोष्टी मात्र कधीच करू नयेत. ओव्हरलोडला वगळून तार जोडून देणारा कारागीर भेटतो. फ्रिज त्या दिवशी चालतो, पण पहारेकरी हटवलेला असतो आणि पुढच्या वेळी वेटोळे जळते, आगही लागू शकते. नव्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-600ए हा पेट घेणारा गॅस असतो, तसे मागच्या पट्टीवर लिहिलेले असते. तिथे त्याच जातीचा बंद रिले हवा, ठिणगी पाडणारा नको. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असेल तर वरचे काहीही लागू नाही. त्यात हा रिले नसतोच, मोटार इलेक्ट्रॉनिक पाटीवर चालते. प्लग न काढता झाकणाला हात लावू नये, आणि पिनांना हात घालणे मेकॅनिकवरच सोडावे.

आपल्या हाती राहते ते एवढे: टकटक सुरू झाली की प्लग काढा, अर्धा तास थांबा, मग एकदाच लावून पाहा. तासन्‌तास टकटकू देऊ नका, कारण प्रत्येक प्रयत्नात वेटोळे थोडे थोडे भाजते. दार उघडू नका, बंद फ्रिजमधला गारवा साधारण चार तास टिकतो. गोश्त शेजारी हलवा. इन्सुलिन प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून गार माठाच्या पाण्यात ठेवा, पण बर्फाला लावू नका. आणि मेकॅनिकने झाकण न उघडताच “कॉम्प्रेसर गेला” म्हटले, तर त्याला शांतपणे विचारा, “रिले काढून हलवून पाहिला का? तिन्ही पिनांची बेरीज जुळते का?”