राम लिहिलं, राम दिसलं

समजा, एका वाचनालयाच्या सभासदांची यादी आहे. लोकांनी मोबाइलवरून फॉर्म भरला, चिटणीसबाईंनी ती यादी सीएसव्ही फाइल म्हणून उतरवून घेतली आणि तिच्यावर डबल क्लिक केलं. एक्सेल उघडलं, पण नावांच्या रकान्यात राम कुठेच नाही. आहे ते `राम`. बाईंनी पाच जाणत्यांना विचारलं आणि संध्याकाळपर्यंत ढीगभर सल्ले जमले. फॉन्ट टाका. फाइल करप्ट आहे, पुन्हा उतरवा. विंडोजमध्ये मराठी बसवा. यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. शेवटी एकाने लिहिलं, "हो, माझं झालं!" नेमकं काय केल्यावर झालं, ते मात्र सांगितलं नाही.

या ढिगातला एकच सल्ला कामाचा आहे, आणि तोही चुकीच्या क्षणी पाळला तर यादीची वाट लावतो.

"फॉन्ट नाही म्हणून असं दिसतं"

हा समज जुना आहे आणि एकेकाळी तो खराही होता. कृतीदेवसारख्या फॉन्टच्या काळात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट नसलेल्या संगणकावर "राम" उघडला की `jke` दिसायचं, आणि फॉन्ट टाकला की राम परत यायचा. आज फॉर्ममधून येणारा मजकूर युनिकोड असतो. त्यासाठी फॉन्ट नसेल तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात, à¤ कधीच दिसत नाही. मराठी भाषा बसवण्याचा सल्लाही इथेच बाद होतो, कारण त्याने कीबोर्ड आणि मेनू मराठी होतील, फाइल वाचण्याची रीत बदलणार नाही.

"फाइल करप्ट झाली आहे"

फाइल बहुधा धडधाकट असते. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. र म्हणजे E0 A4 B0, काना म्हणजे E0 A4 BE, म म्हणजे E0 A4 AE. रामाचे एकूण नऊ बाइट झाले. आता वाचणाऱ्या प्रोग्रॅमने हे यूटीएफ-८ आहे हे ओळखलं नाही आणि पश्चिम युरोपच्या भाषांसाठीचा विंडोज-१२५२ हा जुना तक्ता लावला, तर त्या तक्त्यात एका बाइटचं एक अक्षर होतं. E0 म्हणजे à, A4 म्हणजे ¤, B0 म्हणजे °. तीन चिन्हांच्या रामाची नऊ अक्षरं होतात ती अशी. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह E0 A4 किंवा E0 A5 ने सुरू होतं, म्हणून पडद्यावर à¤ आणि à¥ यांचीच पालुपदासारखी रांग लागते. ती रांग दिसली की उलट हायसं वाटायला हवं, कारण मूळ बाइट बहुधा शाबूत असल्याची ती खूण आहे. फाइल पुन्हा उतरवली तरी तेच बाइट येणार आणि तेच दिसणार.

फाइलच्या सुरुवातीला EF BB BF हे तीन बाइट असले, तर हे यूटीएफ-८ आहे असं एक्सेलला कळतं. या खुणेला बीओएम म्हणतात. बऱ्याच ऑनलाइन सेवा ती लावत नाहीत, आणि मग एक्सेल अनेक संगणकांवर जुन्याच तक्त्याकडे वळतं.

"यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलं की झालं"

हाच तो सल्ला, बरोबर पण वेळ चुकलेला. पडद्यावर `राम` दिसत असताना `CSV UTF-8` निवडून सेव्ह केलं, तर एक्सेल समोर दिसतं तेच इमानदारीने लिहितं. आता à हे खरोखरचं à होतं, त्याचे दोन बाइट होतात, आणि वर बीओएमही लागतो. नऊ बाइटांच्या रामाचे अठरा होतात. पुढे ती फाइल कुठेही, कितीही नीट उघडली तरी `राम`च दिसणार. ती आणखी एकदा जुन्या तक्त्याने वाचली गेली, तर Ã आणि Â डोकावू लागतात. ही अक्षरं दिसली की समजावं, मजकूर दोनदा चुकला आहे.

याच्या उलट चूक जास्त महागात पडते. मराठी नीट दिसतंय आणि कोणी साध्या `CSV (Comma delimited)` प्रकारात सेव्ह केलं, तर जुन्या तक्त्यात देवनागरीला जागाच नसल्याने रामाच्या ठिकाणी `???` लिहिलं जातं. फाइल बंद केल्यावर त्यातून राम परत काढता येत नाही. à¤ म्हणजे कुलूप आहे, किल्ली शोधायची आहे. प्रश्नचिन्हं म्हणजे आतला ऐवजच गेला.

तेव्हा चिटणीसबाईंना द्यायचं उत्तर एवढंच आहे, पण क्रम मोडायचा नाही. आधी एक्सेलमधली ती फाइल सेव्ह न करता बंद करावी आणि मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवावी. मग ती प्रत नोटपॅडमध्ये उघडावी. तिथे मराठी नीट दिसलं तर मजकूर शाबूत आहे. तिथेही à¤ दिसलं तर आधीच कोणीतरी सेव्ह करून बसलं आहे, आणि मूळ फॉर्मवरून नवी फाइल उतरवणंच बरं. (पुन्हा उतरवायचा सल्ला कामाला येतो तो इथे, फक्त इथे.) मजकूर नीट असेल तर रिकामी एक्सेल वही उघडून `Data` मधून `From Text/CSV` घ्यावं, फाइल निवडावी आणि `File Origin` मध्ये `65001: Unicode (UTF-8)` ठेवावं. खालच्या नमुन्यात नावं मराठीत दिसली की मगच पुढे जावं. थेट `Load` न करता `Transform Data` मध्ये जाऊन फोन आणि खाते क्रमांकाचे रकाने `Text` करावेत, नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात आणि सोळा आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो. सगळ्यात शेवटी, वही `.xlsx` म्हणून सेव्ह करावी. कुणाला सीएसव्हीच द्यायची असेल, तर आता `CSV UTF-8`.

मूळ फॉर्म हाताशी नसेल आणि उरली असेल ती à¤ ची वहीच, तर वाट उलटी चालता येते. पायथनमध्ये ती एका ओळीत मावते:

```
t.encode("cp1252").decode("utf-8")
```

राम याने परत येतो, पण "पुण्या" आला की ही ओळ अडते. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट 81 आणि हलन्ताचा 8D आहे, आणि पायथनच्या या तक्त्यात त्या दोन्ही जागा रिकाम्या आहेत. ए, ऐ आणि झ यांचंही तसंच होतं. ftfy नावाची लायब्ररी या रिकाम्या जागा सांभाळून घेते. ठ चा शेवटचा बाइट तर A0, म्हणजे न दिसणारी जागा. मजकूर मधे कुठे कॉपी-पेस्ट करताना तिच्याऐवजी साधी मोकळी जागा आली असेल, तर वरच्या ओळीने ठ परत येत नाही. म्हणून दुरुस्त झालेली यादी तपासताना राम आणि सीमा बघून समाधान मानू नये. ठाकूर, झेंडे, एकनाथ आणि जोडाक्षरांची नावं आधी शोधावीत.