केसांची गोळी आणि चुकलेला रिपोर्ट

ऊसतोडीचा हंगाम संपला की बीड जिल्ह्यातल्या वस्त्यांवर माणसं परत येतात. त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या भगिनींची एक तक्रार हमखास असते, "ताई, केस मूठमूठ गळतात." आणि अलीकडे बऱ्याच जणींच्या पिशवीत बायोटिनच्या गोळ्यांचं पाकीट नाहीतर रंगीत गमीजची बाटली निघते.

अशीच एक ताई आमच्याकडे आली. बाळ चार महिन्यांचं. केस महिनाभरापासून गळत होते, म्हणून मेडिकलमधून तिने दहा मिलिग्रॅमची बायोटिनची गोळी आणली आणि रोज सुरू केली. तिला आधीपासून थायरॉइडची गोळी चालू होती. तपासणीत तिचा टीएसएच फार कमी आणि टी-फोर जास्त आला. रिपोर्ट पाहिला तर थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त होतोय, तो कमी करावा, असंच वाटावं. पण बाईला धडधड नाही, हात थरथरत नाहीत, वजनही उतरलेलं नाही. रिपोर्ट एक सांगत होता आणि शरीर दुसरंच. आम्ही विचारलं, "आणखी काय घेतेस?" तेव्हा केसांची गोळी बाहेर आली.

घोटाळा इथेच होता. रक्तातले हार्मोन मोजणाऱ्या अनेक यंत्रांच्या तपासणी किटमध्ये बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तात बाहेरचं बायोटिन भरपूर असलं की यंत्राची मोजणी चुकते. टीएसएच खोटा कमी दिसतो, टी-फोर खोटा जास्त. डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने केसांची गोळी बंद केली. चार दिवसांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासणी केली, तेव्हा टीएसएच बरोबर निघाला. थायरॉइडची गोळी विनाकारण कमी झाली असती तर बाई थकली असती, सुजली असती आणि केस आणखी गळले असते.

हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिन तपासणीही अशीच फसू शकते. झटका आलेला असताना रिपोर्ट चांगला दिसू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल इशारा दिला, त्यात अशा चुकलेल्या रिपोर्टनंतर झालेल्या एका मृत्यूची नोंद आहे.

आता हिशेब पाहू. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे 30 मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. दहा मिलिग्रॅम म्हणजे दहा हजार मायक्रोग्रॅम, गरजेच्या तीनशे पटींहून जास्त. शेंगदाणे, शिजवलेलं अंडं, डाळी यांतून लागेल तेवढं मिळतं. म्हणून कमतरता क्वचितच होते. काही बाळांना जन्मतः बायोटिन वापरता न येण्याचा आजार असतो, काही जण फिटच्या ठरावीक गोळ्या वर्षानुवर्षे घेतात, काही जण रोज कच्च्या अंड्याचा पांढरा भाग खातात. अशांना या गोळीचा खरा उपयोग होतो, तोही डॉक्टरांनी सांगितल्यावर. बाकीच्यांचे केस तिने वाढतात याला भक्कम पुरावा नाही.

मग "मला फरक पडला" असं अनेक जणी का सांगतात? बाळंतपण, टायफॉइड, डेंग्यू किंवा मोठं ऑपरेशन यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात आणि बहुतेक वेळा सहा महिन्यांत ते आपोआप थांबतं. गोळी मधेच सुरू केलेली असते, आणि श्रेय तिला मिळतं.

गमीजचा धोका वेगळा. त्यांत साखर असते आणि काहींत अ जीवनसत्त्व व सेलेनियमही असतं. ही दोन्ही जास्त झाली तर उलट केस गळतात. बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात 2024 च्या अखेरीस आणि 2025 च्या सुरुवातीला गावागावांत लोकांना अचानक टक्कल पडलं, ते आठवा. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम फार जास्त आढळलं, आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. गरोदर बाईने तर जास्तीचं अ जीवनसत्त्व घेऊच नये, पोटातल्या बाळाला इजा होते. आणि बाटली लेकरांच्या हाताला लागू देऊ नका, ती चॉकलेट समजून खातात.

त्या ताईचं पुढे काय झालं? तिचं हिमोग्लोबिन 8.2 निघालं. केस गळायला बाळंतपण होतंच, त्यात रक्त कमी. लोहाच्या गोळ्या तिला सरकारी दवाखान्यातून मोफत मिळाल्या. चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, एवढं आम्ही बजावलं.

म्हणून केस गळत असतील तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. गोल चट्टा पडला, टाळूला खाज, पू किंवा खवले असले, किंवा सहा महिन्यांनीही गळणं थांबलं नाही, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. बायोटिन चालू असेल तर रक्त देण्याआधी लॅबमध्ये सांगा आणि डॉक्टरांना विचारून किमान दोन दिवस ते बंद ठेवा. किडनीचा आजार असेल तर जास्त दिवस लागतात. छातीत दुखत असेल तर मात्र थांबू नका, सरळ दवाखाना गाठा आणि केसांची गोळी घेतो हे पहिल्यांदा सांगा. पाकीट सोबत न्या.