दहा-सव्वीस-सव्वीसचे किलो किती?

डिसेंबरात केडगावच्या शिवारात गावरान कांद्याची लागवड सुरू झाली की मामांच्या खिशात खताची एक चिठ्ठी असतेच. यंदाची चिठ्ठी एका पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर होती. ‘कांदा, १ एकर. १०:२६:२६, दोन गोण्या. डीएपी एक. युरिया दोन.’ मामांनी ती माझ्यापुढं धरली. मी विचारलं, “मामा, यात नत्र किती किलो होतं?”

“नत्र? पाच गोण्या हायेत की रं.”

खताचं बोलणं आपल्याकडं गोणीत होतं, आणि पीक मात्र नत्र, स्फुरद, पालाश खातं. या दोन भाषांमध्ये दुभाषा म्हणून गोणीवर टक्के छापलेले असतात. ते छापणं खत नियंत्रण आदेशानं बंधनकारक आहे. म्हणजे उत्तर दुकानातून घरापर्यंत आपल्याच पाठीवर येतं, आपण ते वाचत नाही एवढंच.

१०:२६:२६ म्हणजे शंभर किलो खतात १० किलो नत्र, २६ किलो स्फुरद आणि २६ किलो पालाश. गोणी ५० किलोची, म्हणून प्रत्येक आकडा निम्मा करायचा. एका गोणीत ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद, १३ किलो पालाश. डीएपीला लोक ‘अठरा-शेहेचाळीस’ म्हणतात. त्याचंही तसंच: ९ किलो नत्र, २३ किलो स्फुरद, पालाश शून्य. ‘टक्क्याचा निम्मा म्हणजे किलो’ एवढं लक्षात ठेवलं तर ५० किलोच्या कुठल्याही गोणीला कॅल्क्युलेटर लागत नाही.

युरियाला मात्र हा नियम लावला की चूक होते. युरियाची गोणी आता ५० नाही, ४५ किलोची आहे. ४६ टक्क्यांनी तिच्यात २०.७ किलो नत्र येतं. जुन्या सवयीनं २३ धरणारे अजून बरेच आहेत. दोन गोण्यांत साडेचार किलोंचा फरक पडतो.

मग उरलेलं काय असतं, माती? हा मामांचा प्रश्न, आणि तो रास्त होता. युरियाचा रेणू ६० वजनाचा धरला तर त्यात नत्राचे दोन अणू मिळून २८ भरतात. बाकीचं कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन. नत्र एकटं गोणीत भरता येत नाही, हवेतला तो वायू आहे. त्याला कशाच्या तरी सोबत बांधून आणावं लागतं, आणि त्या सोबत्याचं वजन आपल्याला उचलावं लागतं.

आता चिठ्ठीची बेरीज. दहा-सव्वीसच्या दोन गोण्या: नत्र १०, स्फुरद २६, पालाश २६. डीएपीची एक: नत्र ९, स्फुरद २३. युरियाच्या दोन: नत्र ४१.४. एकूण नत्र ६०.४ किलो, स्फुरद ४९, पालाश २६.

याची तुलना करायची कशाशी? नगर-मनमाड रस्त्यावर राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. त्यांची रब्बी कांद्याची शिफारस १००:५०:५० अशी सांगितली जाते. इथंच गोंधळाचं मूळ आहे. गोणीवर तीन आकडे, शिफारशीतही तीन आकडे, दोन्हींच्या मध्ये तेच दोन ठिपके. पण गोणीवरचे आकडे टक्के आहेत आणि शिफारशीतले आकडे किलो आहेत. तेही खताचे नाहीत, निव्वळ अन्नद्रव्याचे. शिवाय ते हेक्टरी आहेत. ‘शंभर किलो नत्र’ ऐकून कुणी एकरात शंभर किलो युरिया टाकतं, तर कुणी हेक्टरचा आकडा तसाच एकराला लावतं. पहिल्या चुकीत दोन चुका एकमेकींना जवळजवळ झाकतात: शंभर किलो युरियात ४६ किलो नत्र, आणि एकराला हवं असतं ४०. दुसऱ्या चुकीत मात्र डोस अडीचपट होतो.

हेक्टर म्हणजे २.४७ एकर. अडीचनं भागलं तरी चालतं, शेतावर इतकी बारीक काटेकोरी कुणाच्या हातात नसते. १००:५०:५० ला अडीचनं भागलं की एकरी ४०:२०:२०. हा आकडा मी चिठ्ठीवरच मामांच्या बेरजेखाली लिहिला.

६०:४९:२६ आणि खाली ४०:२०:२०. नत्र दीडपट, स्फुरद जवळजवळ अडीचपट, पालाश थोडं जास्त.

स्फुरद असं का फुगलं हे चिठ्ठीत दिसतं. दहा-सव्वीसच्या दोन गोण्यांतच २६ किलो, म्हणजे गरजेपेक्षा जास्त, येऊन गेलं होतं. त्यावर डीएपी ‘जोडीला’ म्हणून आली. दोन्ही स्फुरदाचीच खतं आहेत, नावं तेवढी वेगळी. भाजीत मीठ घालून झाल्यावर वरून खारट लोणचं कालवावं, तशातला हा प्रकार.

बरोबर हिशेब करायला एक क्रम पाळावा लागतो. युरियापासून सुरुवात केली तर फसतो, कारण मिश्र खतातून नत्र आपोआप येतच असतं. आधी स्फुरद भागवायचं. २० किलो स्फुरदाला दहा-सव्वीस किती? २० भागिले ०.२६, म्हणजे ७७ किलो. सोयीसाठी दीड गोणी, ७५ किलो धरू. त्यातून स्फुरद १९.५, पालाश १९.५ आणि नत्र ७.५ मिळालं. पालाशही त्यातच भागलं. आता नत्राची बाकी: ४० वजा ७.५, उरले ३२.५. त्याला युरिया ७१ किलो. दीड गोणी घेतली तर ६७.५ किलो होतात आणि त्यात ३१ किलो नत्र असतं. बेरीज ३८.५:१९.५:१९.५. दीड किलो नत्र कमी पडलं तर कांद्याला कळतही नाही.

म्हणजे दोन्ही खतांची दीड-दीड गोणी. पाचाच्या तीन झाल्या.

मामांना हे पटलं नाही. “सुपर फॉस्फेट बरं का मग?” त्यांनी वेगळंच काढलं, पण मुद्द्याचं काढलं. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद असतं. २० किलोंसाठी १२५ किलो, म्हणजे अडीच गोण्या वाहून आणाव्या लागतात. म्हणून लोक टाळतात. पण त्यात ११ टक्के गंधकही असतं, तेव्हा एकरी पावणेचौदा किलो गंधक वरकड मिळतं. कांद्याचा तिखटपणा आणि डोळ्यांतलं पाणी गंधकाच्या संयुगांमुळं असतं, हे पीक गंधकाचं भुकेलं आहे. दहा-सव्वीसच्या तीन आकड्यांत गंधक कुठंच नाही. सुपर फॉस्फेट घेतलं तर पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश ३३ किलो आणि युरिया ८७ किलो लागतो. नगर भागातल्या कांद्याला मी हाच मेळ सुचवेन, पाठ दुखली तरी.

एक गंमत. गोणीवर ‘स्फुरद २६ टक्के’ लिहिलेलं असतं ते फॉस्फरस नव्हे, P2O5 असतं. पालाश म्हणजे K2O. आणि या दोन्हींपैकी काहीच त्या रूपात गोणीत नसतं. एकोणिसाव्या शतकातले रसायनतज्ज्ञ राखेचं पृथक्करण ऑक्साइडच्या हिशेबात मांडत, ती रीत खताच्या व्यापारात तशीच राहून गेली. शिफारसही त्याच भाषेत असते, त्यामुळं गोणी आणि शिफारस जुळवताना काही अडत नाही. अडतं ते माती परीक्षणाचा अहवाल हातात आल्यावर. काही अहवालांत निव्वळ फॉस्फरस आणि पोटॅशियम दिलेलं असतं. तेव्हा फॉस्फरसला २.२९ नं आणि पोटॅशियमला १.२ नं गुणायचं, मगच शेजारी ठेवायचं. अहवालात पालाश भरपूर आलं तर शिफारस त्याप्रमाणं कमी होते. आपल्या काळ्या जमिनीत तसं बऱ्याचदा येतं.

जास्त गेलं तर बिघडतं काय? नत्राचं नुकसान कांदा चाळीत गेल्यावर कळतं. माना जाड राहतात, नीट मिटत नाहीत, त्या वाटेनं सड शिरते. जोडकांदाही वाढतो. म्हणून नत्र निम्मं लागवडीला आणि उरलेलं महिन्याच्या आणि दीड महिन्याच्या सुमारास देतात, त्यानंतर हात आखडता घेतात. जास्तीचं स्फुरद वाहून जात नाही. चुनखडीच्या जमिनीत ते चुन्याशी बांधलं जातं आणि पडून राहतं. खर्च झालेला असतो, मुळांना मिळत नाही, आणि जस्त, लोह उचलण्यात अडथळा येतो तो वेगळाच. पात पिवळी पडली की आपण पुन्हा दुकानात जातो आणि १९:१९:१९ ची फवारणी घेतो. पाच किलोंच्या त्या खरेदीत नत्र साडेनऊशे ग्रॅम असतं.

हे सगळं बांधावर बसून चाललं होतं. शेवटी मी विचारलं, “मामा, तुकडा खरंच एकराचा आहे ना?”

“एकरच म्हणायचा. वरलं वावर.”

घरी आल्यावर सातबारा काढला. क्षेत्र ०.३२ हेक्टर, म्हणजे साडेएकतीस गुंठे. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो आणि शिफारसही हेक्टरी असते, तेव्हा एकराची फोडणी मध्ये घालायची गरजच नव्हती. १००:५०:५० ला ०.३२ नं गुणलं की ३२:१६:१६. दहा-सव्वीसचे साधारण ६२ किलो, युरियाचे ५६.

चिठ्ठीप्रमाणं त्या वावरात ४९ किलो स्फुरद जाणार होतं, गरजेच्या तिप्पट. मामांनी चिठ्ठी घेतली, डीएपीवर काट मारली, दहा-सव्वीसच्या दोनाचं सव्वा केलं, युरियाच्या दोनाचंही सव्वा केलं, आणि तीच चिठ्ठी पुन्हा खिशात ठेवली.